आईचं वजन ‘९.१३’ स्टोन म्हणजे नक्की किती किलो?

सुखदा_प

नमस्कार मंडळी. आई ताईकडे मँचेस्टरला राहून नुकतीच पुण्याला परत आली. तिकडे असताना तिचं वजन उतरायला लागलं. डाएट नाही, व्यायामात बदल नाही, तरी उतरत होतं. म्हणून ताईनं दर तीन आठवड्यांनी घरच्या काट्यावर वजन करून वहीत मांडून ठेवलं. तो काटा स्टोनवर लावलेला आहे. इथल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: एकूण किती किलो उतरलं, आणि अजून उतरतंय का?

ताईनं फोनवर आकडे सांगितले, दादानं ते एक्सेलमध्ये घालून ६.३५ ने गुणले. त्याचा तक्ता असा आला:

१०.४ → ६६.०
१०.२ → ६४.८
१० → ६३.५
९.१३ → ५८.०
९.११ → ५७.८
९.१ → ५७.८
९.८ → ६२.२
९.५ → ६०.३

यात मला दोन गोष्टी खटकतात. तीन आठवड्यांत साडेपाच किलो कसं उतरेल? आणि मग चार किलोंहून जास्त परत कसं वाढेल? आई म्हणते, असं काही झालंच नाही, ब्लाउज हळूहळू सैल होत गेले एवढंच. दादा म्हणतो, गुणाकार बरोबर आहे, १ स्टोन म्हणजे ६.३५ किलो, हवं तर तपासून बघ. तपासलं, बरोबरच आहे. मग चूक कुठे आहे? गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे.

जर्सीकर

पौंडाला २.२ ने भागायचं, किलो मिळतात. माझं वजन १७६ पौंड, म्हणजे ८० किलो. वीस वर्षं अमेरिकेत हेच करतोय. तुमच्या आईंचे आकडे पौंडात किती आहेत ते लिहा, लगेच सांगतो.

सुखदा_प

आकडे पौंडात नाहीत हो, स्टोनमध्ये आहेत. वहीत फक्त ‘९.१३’ असं लिहिलंय.

रेडिंगकर

सुखदाताई, मी इथे इंग्लंडमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पेशंट घरून असेच आकडे लिहून आणतात, त्यामुळे तुमचा तक्ता बघताक्षणी कळलं. दादांचा गुणाकार बरोबर आहे, पण तो ज्याचा केलाय तो आकडाच मुळात दशांश अपूर्णांक नाही. ९.१३ म्हणजे ९ स्टोन आणि १३ पौंड. एका स्टोनमध्ये १४ पौंड असतात, १० किंवा १०० नाही. टिंबाच्या डावीकडे स्टोन, उजवीकडे पौंड, आणि मधलं टिंब फक्त दोन आकडे वेगळे ठेवायला.

तुमच्याच वहीतली ती ‘पडझड’ घ्या. १० स्टोन म्हणजे १४० पौंड. पुढची नोंद ९ स्टोन १३ पौंड, म्हणजे ९ × १४ = १२६, अधिक १३, एकूण १३९ पौंड. आईंचं वजन त्या तीन आठवड्यांत एक पौंड उतरलं, अर्धा किलोसुद्धा नाही. दादांच्या गणितात मात्र १० आणि ९.१३ यांच्यात ०.८७ स्टोनचं अंतर पडलं, आणि त्याचे साडेपाच किलो झाले.

पुढचं ‘वाढलेलं’ वजनही तसंच. दादांकडे ९.१ असं जे आहे ते बहुतेक ९.१० असणार, त्यावर खाली लिहिते. ९ स्टोन १० पौंड म्हणजे १३६ पौंड, आणि त्यानंतरचं ९.८ म्हणजे १३४ पौंड. दोन पौंड कमी झाले. पण दशांश म्हणून वाचलं तर ९.८ हा ९.१ पेक्षा मोठा, म्हणून तक्त्यात वजन वर चढलं.

ऑफस्पिनर

हे अगदी षटकांसारखं आहे. धावफलकावर ९.५ षटकं दिसली की पुढच्या चेंडूला १० होतात, ९.६ कधी लागत नाही. आणि धावगती काढताना ९.३ ला साडेनऊ धरावं लागतं, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. इथे षटक १४ चेंडूंचं आहे, एवढाच फरक.

रेडिंगकर

हो ऑफस्पिनर, नेमकं तसंच. म्हणून वही ओळखायची खूणही तीच: टिंबानंतर १०, ११, १२, १३ दिसतात पण १४ किंवा त्याच्या वरचं काही कधीच नाही, म्हणजे ते पौंडच. ९.१४ कोणी लिहीत नाही, तिथे १०.० होतं. उलट एखाद्या वहीत ९.७५ किंवा ९.३६ असं दिसलं तर ते खरोखर दशांशातले स्टोन आहेत, तिथे ६.३५ ने सरळ गुणायचं. काही ॲप तसे आकडे देतात. तुमच्या वहीत १३ आणि ११ आहेत, ७५ कुठेच नाही.

या चुकीची आणखी एक गंमत नाही, धोका आहे, तो लक्षात ठेवा. पौंड १ ते ९ असले की दशांशाचं उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येतं. १०.४ चं दादांना ६६.० मिळालं, खरं ६५.३ आहे. पौंड १० ते १३ असले की उत्तर एकदम कमी येतं, चार-पाच किलोंनी. म्हणजे सगळीकडे सारखी चूक नसते. सारखी असती तर निदान वजन उतरतंय की चढतंय एवढं तरी आलेखावरून कळलं असतं. इथे आलेखाचा आकारच बदलतो.

अप्पा_सातारकर

आमच्या लहानपणी रत्तल होते, घरी अजून जुनी वजनं आहेत, त्यामुळे पौंड मला परके नाहीत. सुखदा, तुला सोपी रीत सांगतो, कागदाची गरज नाही. स्टोनला ६.३५ ने गुण आणि पौंडांचे अर्धे करून त्यात मिळव. पौंड म्हणजे जवळजवळ अर्धा किलोच. ९ स्टोन ११ पौंड: नऊ गुणिले ६.३५ म्हणजे ५७.१५, अकराचे अर्धे साडेपाच, झाले ६२.६५ किलो.

रेडिंगकर

अप्पा, रीत चांगली आहे, पण अर्ध्यावर थांबू नका. पौंड अर्ध्या किलोपेक्षा थोडा हलका आहे. १९५९ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून पौंड ०.४५३५९२३७ किलोवर कायमचा बांधला. त्याआधी देशादेशांच्या पौंडांत बारीकसा फरक होता. म्हणजे अर्ध्यातून साधारण दहावा भाग वजा करायला हवा. अकराचे अर्धे ५.५, त्याचा दहावा भाग ०.५५, राहिले ४.९५. ५७.१५ अधिक ४.९५ म्हणजे ६२.१. खरं उत्तर ६२.१४ आहे.

तुमच्या रीतीनं अर्धा किलो जास्त आलं. एरवी अर्ध्या किलोचं काही नाही, पण सुखदाताईंच्या नोंदींमध्ये दर वेळचा फरकच अर्धा ते एक किलो आहे. तो त्यातच बुडून जाईल.

जर्सीकर

आता कळलं काय आहे ते. मग माझी रीतही चालेल ना? आधी सगळ्याचे पौंड करा, मग २.२ ने भागा.

रेडिंगकर

चालेल, आणि तोंडी हिशेबाला सगळ्यात बरी तीच. १३७ भागिले २.२ म्हणजे ६२.२७, खरं ६२.१४. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक, तेवढा तर एक कप चहानंही पडतो. फक्त ‘आधी पौंड करा’ ही पायरी गाळायची नाही. सगळी गडबड तिथेच होते.

मनवा_डोंबिवली

मला वाटतं माझ्याकडेही हीच चूक झालीये. माझ्या चुलत बहिणीला बर्मिंगहॅमला बाळ झालं, मेसेज आला ‘७.१२ पौंड’. मी सगळ्यांना ३.२ किलो सांगितलं. ते ७ स्टोन तर नसणार!

रेडिंगकर

मनवा, अभिनंदन. बाळांचं वजन सांगताना पौंड आणि औंस असतात, आणि एका पौंडात १६ औंस. ७ पौंड १२ औंस म्हणजे पावणेआठ पौंड, किलोत ३.५२. तीनशे ग्रॅमच्या आसपास कमी सांगितलंत. दवाखान्यात बाळाचं वजन ग्रॅममध्येच नोंदतात, पौंड-औंस असतात ते आजी-आजोबांना कळवण्यापुरते. त्यामुळे बहिणीकडे बाळाचं लाल पुस्तक असेल त्यात नेमका आकडा मिळेल.

हिशेबनीस

एक्सेलवर बोलतो, कारण अर्धी चूक तिथे आहे. दादांनी ९.१० टाइप केलं असणार. एक्सेलला तो साधा दशांश आकडा वाटला, त्यानं शेवटचं शून्य उडवून ९.१ ठेवलं. म्हणजे ९ स्टोन १० पौंड आणि ९ स्टोन १ पौंड हे दोन्ही त्या फाइलमध्ये एकसारखे दिसतात. चार किलोंचा फरक एका शून्यासोबत गेला. नंतर फाइल कितीही तपासा, त्यातून ते शून्य परत मिळणार नाही, मूळ वहीच बघावी लागेल.

टिंबाऐवजी आडवी रेघ टाकली तर आणखी वाईट. 9-11 टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. 9:11 टाइप केलं तर वेळ. म्हणून एकाच चौकटीत दोन्ही घालूच नका. A स्तंभात स्टोन, B स्तंभात पौंड, आणि C मध्ये हे:

```
=ROUND((A2*14+B2)*0.45359237, 1)
```

शेवटचा 1 म्हणजे उत्तर एका दशांश स्थळापर्यंत. त्याच्या पुढचे आकडे दाखवण्यात अर्थ नाही, काटाच तेवढा बारीक मोजत नाही. B मध्ये कुठे १४ किंवा जास्त आलं तर नोंद चुकलीये असं समजा.

केतन_७८

एवढं सगळं कशाला? गूगलवर ‘9.13 stone in kg’ टाका, उत्तर येतं.

हिशेबनीस

केतन, येतं, आणि ५७.९८ येतं. म्हणजे दादांचंच उत्तर. त्यानं विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं, आपण भलतंच विचारलं. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरायचा असेल तर ज्यात स्टोन आणि पौंड अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत तोच घ्या. एकच चौकट असलेला या कामाचा नाही.

सुखदा_प

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला. ते ९.१ म्हणजे वहीत स्पष्ट ९.१० आहे. ताई फोनवर ‘नाइन टेन’ म्हणाली होती, दादानं तसंच टाइप केलं. आता दोन स्तंभांत घालून नवा तक्ता केला:

१० स्टोन ४ पौंड → ६५.३
१० स्टोन २ पौंड → ६४.४
१० स्टोन → ६३.५
९ स्टोन १३ पौंड → ६३.०
९ स्टोन ११ पौंड → ६२.१
९ स्टोन १० पौंड → ६१.७
९ स्टोन ८ पौंड → ६०.८

आई म्हणत होती तसंच निघालं, सावकाश पण प्रत्येक वेळी खाली. एकदाही वर नाही. हे बघून खरं तर काळजी वाढली. दादाच्या तक्त्यात शेवटी वजन परत आल्यासारखं दिसत होतं, म्हणून घरात सगळे थोडे निर्धास्त झाले होते.

शेवटची नोंद, ९.५, मुद्दाम वगळली आहे. त्या वेळी ताई कामासाठी लंडनला होती. आईनं एकटीनं वजन केलं आणि स्वतःच वहीत लिहिलं. तिला विचारलं तर म्हणते, ‘साडेनऊ असेल गं, आता कुठे आठवतंय.’ मग ते ९ स्टोन ५ पौंड धरायचं की साडेनऊ स्टोन?

नाशिकची_सिस्टर

सुखदा, मी वॉर्डात काम करते. कुठलाही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं, तर डॉक्टर त्याचं कारण शोधतात. तुझ्या सात नोंदींत ६५.३ वरून ६०.८, म्हणजे साडेचार किलो, जवळजवळ सात टक्के. पहिल्या तक्त्यात शेवटी वजन सावरतंय असं दिसलं असतं, आणि कदाचित ‘एक महिन्यानं परत या’ असं ऐकून तुम्ही घरी आला असता. तक्ता गुरुवारी जरूर ने, आणि पहिला तक्ता कुठे व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर तो काढून टाका. नाहीतर ऐनवेळी दादा मोबाइलमधून तोच उघडून दाखवतील.

आणखी एक. आता पुण्याच्या काट्यावर आईचं वजन केलंत ना, ते याच ओळीत पुढे लिहू नकोस. मँचेस्टरचा काटा किलोभर जास्त दाखवत असेल तरी हरकत नाही, कारण सातही वेळा तो तेवढंच जास्त दाखवेल आणि मधला फरक खराच राहील. पण दुसऱ्या काट्याचा आकडा त्यात मिसळला की काट्यांमधला फरक वजनातला फरक वाटायला लागतो.

जर्सीकर

९.५ म्हणजे साडेनऊच. आई मराठी माणूस, आपल्याला टिंबानंतर पाच म्हणजे अर्धं हीच सवय. काट्यावर ९ आणि ७ दिसलं असेल, त्यांनी साडेनऊ समजून लिहिलं.

ऑफस्पिनर

मला नाही वाटत. नऊ-सात दिसल्यावर त्याचं साडेनऊ करायला १४ चं अर्धं सात हे डोक्यात हवं. काटा बघून घाईत लिहिणारा माणूस जे दिसेल ते उतरवतो. दिसलं असेल ९ आणि ५, लिहिलं ९.५.

अप्पा_सातारकर

मीही ऑफस्पिनरच्या बाजूनं. पण आईनं स्वतः ‘साडेनऊ’ म्हटलंय, हे सोडून कसं चालेल?

रेडिंगकर

ते साडेनऊ आईंनी आता म्हटलंय, वहीतला आकडा बघून. वजन करताना काय दिसलं ते त्यावरून कळत नाही. दोन्ही वाचनं मांडून बघू. ९ स्टोन ५ पौंड म्हणजे १३१ पौंड, ५९.४ किलो. साडेनऊ स्टोन म्हणजे ९ स्टोन ७ पौंड, १३३ पौंड, ६०.३ किलो. आधीची नोंद १३४ पौंडांची. तीन आठवड्यांत एक पौंड किंवा तीन पौंड, आईंच्या आधीच्या वेगाकडे बघता दोन्ही शक्य आहे. ९.१० च्या वेळी शेजारच्या नोंदींवरून अंदाज बांधता आला, कारण ९ स्टोन १ पौंड तिथे बसतच नव्हतं. इथे दोन्ही बसतात.

एक विचारायचं राहिलं. काट्याच्या पडद्यावर स्टोन आणि पौंड कसे दिसतात? काही काटे मध्ये टिंब दाखवतात, काही विसर्गासारखी दोन टिंबं, काही ST आणि LB अशी अक्षरं. अक्षरं दिसत असतील तर आईंनी तो पाच पौंडांच्या जागेवरूनच उतरवला असण्याची शक्यता वाढते.

सुखदा_प

ताईला विचारलं. मध्ये फक्त एक टिंब दिसतं, अक्षरं कोपऱ्यात बारीक आहेत, आईला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. आणि पौंडांनंतरही कधी कधी एक छोटा आकडा येतो, तो ताई सोडून देत होती.

काल इथे कॉलनीतल्या दवाखान्यात आईचं वजन केलं, ५९.८ आलं. सिस्टरताईंनी सांगितलंय म्हणून तक्त्यात नाही घातलं, पण त्यावरून ९.५ चं काही ठरतं का?

हिशेबनीस

उलटा हिशेब करून बघितला. ५९.८ भागिले ०.४५३६ म्हणजे १३१.८ पौंड. त्यातून ९ स्टोनचे १२६ काढले की उरतात ५.८. म्हणजे ९ स्टोन पावणेसहा पौंडांच्या आसपास. पाच आणि सात यांच्या बरोबर मध्ये! यावरून काहीच ठरत नाही, शिवाय मध्ये दिवस गेलेत आणि काटाही वेगळा.

तो छोटा आकडा पौंडाचा भाग असतो, अर्धा पौंड वगैरे. ताईंनी तो प्रत्येक वेळी सोडला असेल तर प्रत्येक नोंद थोडी कमी लागली असणार, पण जास्तीत जास्त एका पौंडाच्या आत. साडेचार किलोंपुढे त्यानं फार बिघडत नाही.

नाशिकची_सिस्टर

सुखदा, त्या नोंदीवर डोकं शिणवू नकोस. ‘५९.४ किंवा ६०.३, नोंद अस्पष्ट’ असंच लिही. डॉक्टरांना दोन्ही आकडे दिसू देत. १३१ असो की १३३, दोन्ही १३४ पेक्षा कमीच आहेत, म्हणजे ‘अजून उतरतंय का’ याचं उत्तर दोन्हीकडून ‘हो’ असंच येतं. आजपासून त्याच दवाखान्यातल्या काट्यावर, सकाळी, चहा-नाश्त्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि किलोतच नवी ओळ सुरू करा. त्या नव्या ओळीचा पहिला आकडा ५९.८.

केतन_७८

पण तिकडच्या लोकांनी अजून स्टोन धरून का ठेवलाय? सगळीकडे किलो असताना?

रेडिंगकर

केतन, दुकानात नाही धरलेला. १९८५ च्या वजनमाप कायद्यानंतर व्यापारात स्टोनला जागा उरली नाही, भाजी-फळं, सामान सगळं किलोत. दवाखान्यातही वजन किलोतच नोंदतो, कारण औषधाची मात्रा किलोवर ठरते. राहिला तो फक्त माणसाच्या अंगाच्या वजनापुरता, घरात आणि गप्पांमध्ये. मुष्टियुद्धाचे गट आणि घोड्यांच्या शर्यतीतली जॉकींची वजनं अजून स्टोन-पौंडात सांगतात. मुळात तो १४ पौंडांचाच असेल असंही नव्हतं. पूर्वी वस्तूगणिक वेगळा स्टोन असे, लंडनचे खाटीक मांसासाठी आठ पौंडांचा धरत. १८३५ च्या कायद्यानं तो १४ वर पक्का झाला.

माझ्याकडे येणारे साठीच्या पुढचे लोक किलोत सांगितलं की ‘म्हणजे किती?’ असं विचारतात. म्हणून मी त्यांना दोन्ही सांगते, पण फाइलमध्ये किलोच लिहिते. आणि कोणी घरून ‘अकरा पाच’ लिहून आणलं तर त्यांच्यासमोरच विचारून घेते, पाच पौंड की साडेअकरा. हेच फोनवर दुसऱ्या दिवशी विचारलं तर सुखदाताईंच्या आईंसारखंच होतं, कोणालाच आठवत नसतं.

सुखदा_प

तक्ता छापून घेतला. वर सात ओळी मँचेस्टरच्या काट्याच्या, आठवीत दोन्ही शक्यता, मग जागा सोडून खाली पुण्याचा काटा. दादानं जुनी फाइल काढून टाकली.

ताईनं काटा उलटा करून बघितला. खालच्या बाजूला छोटं बटण आहे, KG, LB, ST असं फिरतं. तिनं तो आता किलोवर लावलाय. जिजूंना मात्र स्टोनच हवा आहे, ते परत फिरवतील असं म्हणाली, म्हणून वहीत आकड्यापुढे किलो की स्टोन ते लिहायचं ठरवलंय.

मनवा_डोंबिवली

बहिणीनं लाल पुस्तक बघून सांगितलं, ३५१५ ग्रॅम. आता सगळ्यांना पुन्हा फोन करते.